लग्न झालं आहे, स्थळ काढून टाका

माझं लग्न झालं तेव्हा मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला होते. सत्ताविसावं सरत आलं होतं. पोहे करून करून आईचे हात दुखायला आले होते आणि ते खाऊन जाणारे पाहुणे ‘कळवतो’ म्हणून जे जायचे ते जायचेच. एका पाहुण्यानं तर पोह्यात लिंबू कमी पडलं म्हणून सांगितलं आणि मुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता माझं मी बघते.

ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं. लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाईटची शाखा कोल्हापुरात राजारामपुरीत एका जिन्यावर उघडली होती. एका दुपारी अर्धी रजा टाकून मी गेले. तिथल्या मुलीनं माझा फोटो स्कॅन केला, लिंगायत समाजाच्या यादीत माझं स्थळ चढवलं आणि बँकेचा एक फॉर्म पुढं केला. दर महिन्याला पगाराच्या खात्यातून फी परस्पर वळती होणार होती. मी विचारलं, बंद कसं करायचं? ती म्हणाली, “नुसता ई-मेल टाका मॅडम. मिनिटाचं काम आहे.” मी सही केली. घरी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा आमच्यात कंप्यूटरवर मुलगी टाकली म्हणजे मुलीत काहीतरी खोट आहे असंच धरायचे, आणि माझ्या आईला ते ऐकवायला शेजारणी तयारच होत्या.

साईटवरून काही जमलं नाही, निदान मला तसंच वाटलं. दोन-तीन महिन्यांत मामांच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी रीतसर स्थळ घेऊन आले. मार्केट यार्डात गुळाची अडत, शाहूपुरीत घर, मुलगा एकुलता, एक धाकटी बहीण. मूळची माणसं गडहिंग्लजच्या पलीकडची, म्हणून घरात निम्मं कानडी. मुलगा समोर बसला तेव्हा त्यानं एकच विचारलं, “फाउंड्रीत उकडत असंल न्हाई?” नऊ स्थळांत मला काय वाटतं हे विचारणारा हा पहिलाच. मी हो म्हटलं. सगळे म्हणाले, गुरुजींचे पाय धुवून प्यायला हवेत.

सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून ई-मेल टाकला. ‘माझं लग्न ठरलं आहे. कृपया माझं स्थळ काढून टाका आणि फी घेणं बंद करा.’ अर्ध्या मिनिटात उत्तर! आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल. मला काय आनंद झाला. नंतर कळलं, ते उत्तर माणूस पाठवत नव्हता.

महिना झाला, फी गेली. दुसरा ई-मेल टाकला, पुन्हा आभार. लग्न झालं, हळद उतरली, फी गेली. तिसऱ्या ई-मेलला मी लिहिलं, ‘माझं लग्न झालं आहे, स्थळ काढून टाका.’ पुन्हा आभार. एवढे आभार माझ्या लग्नात आहेर घेऊन आलेल्यांचेही कुणी मानले नसतील. राजारामपुरीत जाऊन बघितलं तर जिना तोच, पण वर मोबाईलची रिचार्ज कार्डं विकणारा बसलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, “ते व्हय, ते गेलं की कवाच.” कंपनीचा फोन लावला की संगीत लागायचं. मी अर्धा-अर्धा तास ते ऐकलं आहे. अजून कुठं ती धून लागली की माझ्या कपाळाची शीर उडते.

प्रत्येक वेळी ई-मेल टाकला की मी साईटवर जाऊन बघायची, स्थळ निघालं का. बघायचं तर आत जावं लागायचं, म्हणजे नाव आणि पासवर्ड टाकायचा. स्थळ तिथंच. माझा तो गुलाबी साडीतला फोटो, खाली ‘उच्चशिक्षित, घरगुती’. ते ‘घरगुती’ त्या राजारामपुरीच्या मुलीनं स्वतःच्या मनानं घातलं होतं. ‘काढून टाका’ असं एक बटण होतं, ते दाबलं की ‘आपली विनंती ई-मेलनं पाठवा’ असं यायचं. म्हणजे घाण्याचा बैल. ई-मेल, आभार, आत जा, बटण, ई-मेल.

बँकेत गेले. ते साहेब काही वाईट नव्हते. म्हणाले, “तुम्ही अधिकार दिलाय कंपनीला. कंपनीचं बंद केल्याचं पत्र आणा. नाहीतर खात्यात पैसे ठेवू नका, मग परत जाईल. पण परत गेलं की तुम्हालाच दंड बसेल.” पगाराच्या खात्यात पैसे ठेवायचे नाहीत म्हणजे पगार घ्यायचा नाही का? आणि समजा पैसे थांबले, तरी फोटो तिथून हलणार होता का? पैशाचं मला तितकं नव्हतं. कुठल्यातरी परक्या माणसाच्या कंप्यूटरवर मी अजून लग्नाची होते, आणि इथं मी कुंकू लावून भाकऱ्या थापत होते, हे मला सहन होईना. सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगायचं तर आधी साईटचं सांगावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू करत मी सात-आठ महिने गप्प बसले.

आता माझ्या सासूबद्दल. सगळे तिला अव्वा म्हणतात, मीही अव्वाच म्हणते. आवाज असा की यार्डात सौद्याला उभी राहिली तर सौदा बोलणाऱ्याला घरी पाठवावं लागेल. मनात काही ठेवायची नाही, फाडकन बोलायची. मी तिला घाबरायची, खोटं कशाला सांगू. पण घरात पहिल्या दिवसापासून मी कुणाला जड झाले नव्हते. नोकरी सोड म्हटलं नाही. धाकटी नणंद तर माझ्या मागं मागं असायची. तिचं लग्न निपाणीला ठरत आलं होतं. तंबाखूचे व्यापारी, मोठं घर, मुलगा बोलायला गोड. तीही खूश होती, इतकी की दळण आणायला जातानाही गुणगुणायची. फक्त सुपारी फोडायची राहिली होती.

तो फोन दुपारी आला. मी रविवारची घरी होते. अव्वानं उचलला आणि नेहमीसारखं “बोला पावणं!” म्हणाली. मग काहीच बोलली नाही. अव्वा फोनवर गप्प! मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघितलं. तिनं फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “तुजा फोटू लग्नाच्या कंप्यूटरवर हाय?”

निपाणीच्या मुलाच्या भावानं बघितला होता. नुसता फोटो नव्हे, खाली लिहिलेलं होतं, ‘शेवटचं लॉगिन: काल’. म्हणजे मी जेवढ्या वेळा स्थळ निघालं का म्हणून बघायला गेले, तेवढ्या वेळा ती साईट जगाला सांगत होती, ही मुलगी अजून रोज येऊन बघते आहे, घाई करा. एवढंच नव्हे, असं येऊन गेलं की स्थळ यादीत वर चढायचं. मी माझ्याच हातानं स्वतःला वर चढवत होते. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. निपाणीच्या थोरल्यांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, फोनवर शांतपणे विचारलं होतं, “तुमच्या घरची सून अजून स्थळं बघतीया, हे काय परकार हाय?”

मी सगळं सांगितलं. पहिल्या पोह्यापासून. अव्वा ओरडेल, भांडं आपटेल असं वाटलं होतं. तिनं फक्त म्हटलं, “कुणाला बोलू नगंस.” संध्याकाळी नवरा आला. त्या दोघांचं स्वयंपाकघरात कानडीत बोलणं झालं, हळू आवाजात. मला तेव्हा कानडी कळत नव्हतं. मी दाराबाहेर तांदळाचं ताट घेऊन उभी, आणि आत माझ्याबद्दल काय चाललंय ते एका शब्दानं समजेना. तो बाहेर आला, तर माझ्याकडं बघेना. जेवताना बघेना, सकाळी गाडी काढताना बघेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ठरवूनच टाकलं की ह्या माणसाला माझा संशय आलाय.

नणंदेनं मात्र तोंडावर विचारलं. “वैनी, माजं मोडणार का हो?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, नाही मोडणार. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे.

निपाणीला अव्वानं फोन केला, चूक कंपनीची आहे म्हणून सांगितलं. तिकडनं उत्तर आलं, “कंपनीची हाय तर तसा कागद दाखवा. मग सुपारी फोडू.” असा कागद देणार कोण? कंपनी तर आभाराशिवाय काही देत नव्हती. तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी एक काका सुचवले. बँकेतून निवृत्त झालेले, लोकांना ग्राहक मंचाच्या तक्रारी फुकट लिहून द्यायचे. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि एक भलीमोठी पंचिंग मशीन. त्यांनी माझे ई-मेल मागितले. मी ऑफिसच्या प्रिंटरवर सगळे काढून नेले. ते म्हणाले, “आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस. पोचपावती जपून ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तक्रार.” उत्तर आलं नाही. गुलाबी पोचपावती तेवढी परत आली, त्यावर शिक्का आणि कुणाची तरी सही. कंपनीत कुणीतरी जिवंत माणूस आहे याचा तो पहिला पुरावा.

तक्रार लिहायला बसल्यावर काकांनी विचारलं, “मागणी काय लिहू? फी परत, नुकसानभरपाई, खर्च, हे तर लिहितोच. पण तुम्हाला हवंय काय?”

“माझं नाव तिथून काढायचं. आणि कंपनीनं लिहून द्यायचं की ही बाई लग्न ठरल्यापासून काढा म्हणून सांगत होती.”

त्यांनी तसंच लिहिलं. वर माझं नाव, वय, धंदा नोकरी, पत्ता शाहूपुरी, त्याखाली ‘तक्रारदार’. कंपनीचं नाव, त्याखाली ‘सामनेवाला’. निकालापर्यंत स्थळ दिसू नये म्हणून अंतरिम अर्ज वेगळा. सोबत शपथपत्र. तीन-चार संच, प्रत्येकाला पानांची यादी, फीची पोस्टल ऑर्डर टाचणीनं लावलेली. पत्ता शाहूपुरीचा घातला होता. आता मंचाचं प्रत्येक पत्र त्या घरी येणार होतं.

घरी सांगितलं तर नवरा पहिल्यांदा बोलला. “अगं, मंचात बोर्डावर नाव लागतं. माणसं वाचतात. सोड की.” अव्वाही म्हणाली, “कशाला खोल जातीस? निपाणीकरांना मी बघते.” मी म्हटलं, तुमचं बघून झालंय, त्यांना कागद हवाय. आणि मी काय चोरी केलीय म्हणून माझं नाव बोर्डावर लागायला मी घाबरू? आवाज जरा चढला माझा. तो टॉवेल खांद्यावर टाकून उठला. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि ती मला तेव्हा ओळखता आली नाही. मला वाटलं, घराण्याची अब्रू. आणखी चिडले मी.

तक्रार दाखल झाली, मंचानं कंपनीला नोटीस काढली. पहिल्या तारखेला कंपनीचे वकील आले, इथलेच, आणि लेखी म्हणणं द्यायला मुदत मागितली. अंतरिम अर्जावर अध्यक्ष म्हणाले, म्हणणं आल्यावर बघू. पुढच्या तारखेला वकिलांचं दुसऱ्या कोर्टात काम. त्याच्या पुढच्या तारखेला कंपनीकडून कागद आले नाहीत. दर वेळी मी अर्धी रजा टाकून शिरोलीहून यायची, बाकावर बसायची. फ्रिजवाला, विमावाला, पतसंस्थेत ठेव अडकलेले म्हातारे, आणि मी. शेजारचा विचारायचा, “तुमचं कशाचं हो?” मी म्हणायची, “इंटरनेटचं.” तिकडं माझं स्थळ तसंच, इकडं खात्यातून फी तशीच. आत जाऊन बघायचीही सोय उरली नव्हती, बघितलं की वर चढणार. आणि घरी नणंद दार उघडायची ती माझ्या तोंडाकडं बघतच. निपाणीचा मुलगा तिला लपूनछपून फोन करायचा तोही बंद झाला होता. तिनं गुणगुणणं सोडलं होतं.

शेवटी कंपनीचं म्हणणं आलं. काकांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिला मुद्दा, आमच्या अटींप्रमाणे वाद फक्त आमच्या शहरात चालतील. “याला अर्थ नाही,” काका म्हणाले, “पैसे कोल्हापूरच्या बँकेतून गेले, शाखा कोल्हापुरात होती.” दुसरा मुद्दा, ई-मेल आम्हाला मिळाल्याचा पुरावा नाही. “तुमच्याकडं त्यांचे आभार आहेत की!” आणि तिसरा. तक्रारदार विवाहानंतरही वारंवार लॉगिन करून सेवेचा लाभ घेत आहे, सबब फी योग्य आहे. सोबत माझ्या लॉगिनच्या तारखांचा तक्ता.

“आता हे सगळ्यांसमोर वाचणार?” मी विचारलं.

“वाचणार,” काका म्हणाले.

युक्तिवादाच्या दिवशी काय व्हावं? निपाणीचे थोरले स्वतः आले. अव्वाला फोन करून म्हणाले, “कागदाचं लई ऐकलं, आता सोता येऊन ऐकतो.” पांढरा नेहरू शर्ट, टोपी, हातात छत्री. अव्वानं त्यांना एकटं सोडलं नाही, तीही आली. नवरा अव्वाला गाडीवरून घेऊन आला आणि मागं दाराशी उभा राहिला. म्हणजे माझं जे काही व्हायचं होतं ते सगळ्या सोयऱ्यांदेखत होणार होतं.

काकांनी आमची बाजू मांडली. मग वकील उठले. माणूस गोड बोलायचा. “सर, तक्रारदार सांगतात त्यांना सेवा नको होती. मग विवाहित स्त्री लग्नानंतर सात-आठ महिने लग्नाच्या साईटवर पुन्हा पुन्हा का जाते? घरच्यांना हे माहीत होतं का? कोणत्या हेतूनं जात होत्या, हे त्याच सांगू शकतील.” मागं छत्री जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मी उठून म्हटलं, “काढायचं बटण आतच होतं साहेब. बाहेर ठेवलं असतं तर बाहेरूनच दाबलं असतं.” मंचाच्या बाई सदस्य हसल्या. काकांनी लगेच दाखवलं, तक्त्यातली प्रत्येक लॉगिनची तारीख आणि माझ्या ई-मेलची तारीख एकच आहे. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत बघितलं. वकील म्हणाले, “योगायोगही असू शकतो सर. ई-मेल कंपनीला मिळतच नव्हते, आणि एका ग्राहकाचं स्थळ निघत नाही म्हणजे यंत्रणा चुकीची असं म्हणता येणार नाही. दुसरी एकही तक्रार नाही.”

“हाय की!”

सगळे मागं वळले. अव्वा उभी होती. यार्डातला आवाज त्या लहान खोलीत मावला नाही.

“बाई, तुम्ही कोण? बसा,” अध्यक्ष म्हणाले.

“हिची सासू. बसते साहेब, पर सांगून बसते. एक न्हाई, दोन हाईत. माज्या लेकाचं नाव बी तितंच हाय. ही पोरगी आमी त्यातनंच निवडली. माज्या लेकीनं कंप्यूटरवर बघितली, लेकाला आवडली, मग त्या गुरुजींना आमीच हुडकून काडलं आणि म्होरं घातलं. कंप्यूटरवरनं सून आनली म्हनून कुनी बोलू नये म्हनून. लगीन झाल्यावर ह्यो बी त्यास्नी लिवतोय, काडा काडा. त्याचं बी काडंनात. दुकानाच्या खात्यातनं पैसं बी जात्यात. आता इचारा त्या वकिलास्नी, ह्यो बी बायकू बघतोय काय!”

मी दाराकडं बघितलं. माझा नवरा टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत उभा होता, आणि त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघत होता. ते कानडीतलं बोलणं, ते ‘सोड की’, ती भीती. संशय कसला आलाय माझा! तोही त्याच खड्ड्यात बसला होता, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, आणि मला कळू नये म्हणून तोंड लपवत होता. मला रडू यायला हवं होतं. मला इतका राग आला की तिथल्या तिथं चप्पल काढावी वाटली.

अध्यक्षांनी अव्वाला सांगितलं की असं तोंडी चालत नाही, मुलाचं शपथपत्र द्या, त्याचे ई-मेल जोडा. वकिलांनी हरकत घेतली, मंचानं पुढची तारीख दिली. काकांनी त्या दिवशी संध्याकाळीच नवऱ्याचे ई-मेल घेतले. त्यांतही तेच आभार, शब्दन्‌शब्द तेच.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर अव्वानं निपाणीच्या पाव्हण्यांना सरळ विचारलं, “आता बोला. मोडायचं असंल तर हितंच मोडा, पोरीला कळवते.” त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला. म्हणाले, “मोडतो कशाला? आमच्या पोराचं बी नाव त्यातच हाय. न्हाईतर भावानं फोटू बघितला कुठं? आमास्नी फकस्त येवडं सांगा, लगीन झाल्यावर ते काडायचं कसं?” अव्वा हसली, तिला ठसका लागला. मी मात्र हसले नाही. आठ महिने माझ्या नणंदेला रडवून आता हा माणूस बशी फुंकत होता. मी तसं म्हटलंही. “पावणं, हे आधी सांगितलं असतं तर?” ते म्हणाले, “तुमी तरी कुठं सांगितलं?”

घरी जाताना मी नवऱ्याच्या मागं गाडीवर बसले, अव्वाला पाव्हण्यांनी त्यांच्या जीपनं सोडलं. दसरा चौकापर्यंत मी दम धरला. मग सुटले. “दीड वर्ष! बोर्डाला घाबरलात, मी एकटी बाकावर बसले तरी बोलला नाहीत!” त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, “तुला वाटलं होतं ना, गुरुजींनी आणलेलं चांगलं घर मिळालं. ते खोटं हाय म्हणून सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?” मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणाले असते, पण दोघांनी मिळून म्हटलं असतं. सिग्नलला मागचा हॉर्न वाजवत होता तरी त्यानं गाडी काढली नाही.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. तक्रार अंशतः मंजूर. स्थळ तत्काळ काढावं, लग्न ठरल्याच्या पहिल्या ई-मेलपासूनची फी परत द्यावी, त्रासाबद्दल भरपाई, तक्रारीचा खर्च. आणि निकालात एक ओळ होती, तक्रारदारानं वेळोवेळी स्थळ काढण्याची विनंती केल्याचं शाबीत होतं. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि प्रत नणंदेच्या हातात दिली. सुपारी आधीच फुटली होती, तरी तिनं ती ओळ दोनदा वाचली. महिन्याभरात साईटवर माझं नाव टाकलं की काही येईनासं झालं.

पण नवऱ्याचं तिथंच होतं. मंच म्हणाला होता, त्यांच्याबद्दल वेगळी तक्रार करावी. मग मीच लिहायला बसले, आता मला सगळं येत होतं. तक्रारदार त्याचं नाव, सामनेवाला तीच कंपनी. तो शेजारी स्टुलावर बसून सांगत होता आणि मी लिहीत होते. साईटवर नाव का घातलं, कधी घातलं. मग तो थांबला आणि म्हणाला, “लिही, तक्रारदाराची पत्नी त्याला या साईटवरच दिसली. गुलाबी साडीतला फोटो बघून त्यानं दुसरी स्थळं उघडलीच न्हाईत.”

काकांना कच्चा मसुदा दाखवला, तेव्हा त्यांनी त्या वाक्यावर पेन टेकवला. “हे काढा. तुम्हाला फायदा झाला म्हणून वकील बोंब मारेल.”

मी म्हटलं, राहू दे काका. बाकी सगळं काढायला सांगितलंय आम्ही, हे एवढं राहू दे.